ब्लॅक कॉफीने उपवास मोडतो का? (पट्टीवर ९४ चे १०५ झाले, त्यावरून पेटलेला धागा)

चैताली_के
तीन महिने १६:८ करतेय. रात्री ८ला जेवण बंद, दुसऱ्या दिवशी दुपारी १२ला सोडते. मध्ये सकाळी ७ला एक मग ब्लॅक कॉफी, बिनसाखरेची. काल ग्लुकोमीटर लावला. कॉफीआधी ९४, पाऊण तासाने १०५. पोटात दुसरं काहीही नव्हतं. म्हणजे कॉफीने शुगर वाढते, इन्सुलिन सुटतं आणि उपवास मोडतो. "शून्य कॅलरी, चालते" असं सांगणाऱ्यांनी निदान लोकांना तरी फसवू नये.

अनिरुद्ध_लॅबवाला
मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही, पण शेवटच्या वाक्याने हात शिवशिवले. चोवीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळल्यात, तेव्हा जरा सविस्तर.

तुमचं मीटर साखर मोजतं, इन्सुलिन नाही. इन्सुलिन घरी मोजताच येत नाही, त्याला शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये पाठवावं लागतं. तेव्हा "इन्सुलिन सुटतं" हे तुम्ही पाहिलेलं नाही, धरून चालला आहात.

आता ती ११ची वाढ. कपभर काळ्या कॉफीत दोन ते पाच कॅलरी, कर्बोदकं जवळपास नाहीतच. मग साखर आली कुठून? तुमच्याच यकृतातून. कॅफिनमुळे अ‍ॅड्रेनालिन वाढतं, अ‍ॅड्रेनालिन यकृताला साठा थोडा मोकळा करायला लावतं आणि त्याच वेळी स्नायू साखर उचलायला जरा कुचराई करतात. शिवाय पहाटे उठताना कॉर्टिसॉलमुळे साखर तशीही वर सरकते, कॉफी प्या नाहीतर नुसते गॅलरीत उभे राहा. आणि उपाशीपोटी नुसत्या कॉफीने इन्सुलिन फारसं हलत नाही. जेवल्यावर ते जसं उसळी घेतं, त्याच्याशी याची तुलनाच नको.

राहता राहिलं मीटर. १००च्या खाली १५ पॉइंट इकडेतिकडे दाखवलं तरी ते प्रमाणित मीटर म्हणून पास होतं. तुमचा ९४ खरा ८८ असू शकतो आणि १०५ खरा ९८. एका दिवसाच्या दोन टोच्यांवरून जगाला फसवं ठरवू नका.

खरंच शोधायचं असेल तर तीन दिवस कॉफी, तीन दिवस तेवढंच नुसतं गरम पाणी. तीच वेळ, तोच मग, हात साबणाने धुऊन कोरडे करून. मग बोलू.

परदेशी_फिल्टरवाला
अनिरुद्धसाहेब, सगळं ठीक, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. कुठली कॉफी? आपल्याकडे घरोघरी जी बाटली असते तिच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के. ती कॉफी नाही, मिश्रण आहे. चिकोरी म्हणजे मूळ, मूळ म्हणजे कर्बोदक. चैतालीताईंचे ११ पॉइंट तिथून आले. मी माटुंग्याहून आणतो, शुद्ध बिया, समोर दळून. उरलेल्यांनी "ब्लॅक कॉफी" हा शब्द वापरू नये.

चैताली_के
बाटली बघितली. खरंच ३० टक्के चिकोरी आहे. 😐

सौ_माधुरी
एकादशीला कॉफी चालते का? आमच्या सासूबाईंना चहा चालतो, कॉफी नाही म्हणतात. कुणी नक्की सांगेल का?

अनिरुद्ध_लॅबवाला
माधुरीताई, तो उपवास वेगळा, त्याला साबुदाणाही चालतो. सासूबाईंचंच ऐका.

परदेशी, तुमचं अर्धं बरोबर आहे. चिकोरी असते, आणि पाहायला हवी. पण एक चमचा पावडर म्हणजे दोन ग्रॅम, त्यात चिकोरी अर्धा-पाऊण ग्रॅम. ती सगळीच्या सगळी साखर असती तरी ११ पॉइंट झाले नसते. आणि ती साखर नसतेच, बहुतांश इन्युलिन असतं.

गिरीश_७४
बघा! साहेब स्वतःच कबूल करताहेत की चिकोरीत इन्सुलिन असतं. म्हणजे कॉफीतून थेट इन्सुलिन पोटात जातंय आणि हे म्हणे उपवास मोडत नाही. डायबेटिसवाल्यांनी मग सुया कशाला टोचायच्या, चिकोरी प्यावी.

परदेशी_फिल्टरवाला
गिरीशराव, इन्-यु-लिन. यु.

गिरीश_७४
एका अक्षराने काय फरक पडतो?

परदेशी_फिल्टरवाला
माळ आणि माळा यात जेवढा पडतो तेवढा.

अनिरुद्ध_लॅबवाला
इन्युलिन हा चोथा आहे, कांदा-लसणातही असतो. लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातले जंतू खातात. म्हणून जास्त चिकोरी प्यायली की काहींना गॅस होतो. इन्सुलिन हे संप्रेरक आहे, स्वादुपिंडात बनतं, आणि तोंडाने घेतलं तर जठरातच त्याचे तुकडे होतात. म्हणूनच सुया टोचाव्या लागतात. यापेक्षा सोपं मला करता येत नाही.

गिरीश_७४
मला अक्कल शिकवायची गरज नाही. माझ्या मेव्हण्याने कॉफी सोडली आणि सहा किलो उतरला. पुरावा घरात आहे.

परदेशी_फिल्टरवाला
कॉफीबरोबर रोज चार खारी खायचा का हो मेव्हणा?

गिरीश_७४
तो प्रश्न इथे गैरलागू आहे.

तन्मय_पुणे
खारी 😂😂 उत्तर मिळालं.

इन्सुलिनवाल्यांचं होऊ द्या, मला भुकेबद्दल बोलायचंय. मी ७, ९ आणि साडेअकराला असे तीन मग मारतो. बारापर्यंत भूक शून्य. पण मग काय होतं ते ऐका. गेल्या मंगळवारी बाराला डबा उघडला तेव्हा हात इतके थरथरत होते की वरणाच्या वाटीचं झाकण निघेना. सहा पोळ्या खाल्ल्या, वर मित्राच्या डब्यातला शिरा. वजन दोन महिन्यांत काट्यावर जिथल्या तिथे. आणि रात्री झोप नाही. कॉफीने भूक मरते असं सांगणाऱ्यांनी बाराच्या पुढचंही सांगावं.

अनिरुद्ध_लॅबवाला
तन्मय, या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद तुझा. भूक मरत नाही, झाकली जाते, आणि तीही सगळ्यांची नाही. अभ्यासांतही कुणाचं खाणं थोडं कमी झालं, कुणाचं काहीच बदललं नाही. तुझ्या बाबतीत वेळ चुकतेय. कॅफिन अर्धं उतरायला पाच तासांच्या आसपास लागतात. म्हणजे साडेअकराचा मग पोटात असताना तू जेवायला बसतोस. तो थरकाप भुकेचा कमी, तीन मगांचा जास्त.

इन्सुलिनची खरी गोष्टही इथेच आहे. २०२०मध्ये बाथ विद्यापीठात २९ निरोगी माणसांवर प्रयोग झाला. रात्री झोपमोड झाल्यावर सकाळी कडक काळी कॉफी दिली आणि मग साखरेचं पेय. नुसत्या पेयापेक्षा साखरेची उसळी सुमारे ५० टक्के जास्त. कॉफी एकटी असताना निरुपद्रवी, पण लगेच मागून कर्बोदकं आली की शरीर ती हाताळायला ढिलं पडतं. तेव्हा साडेअकराचा मग बंद कर आणि उपवास शिऱ्याने सोडू नकोस. सकाळी ७ची कॉफी राहू दे.

परदेशी_फिल्टरवाला
पण कॉफी पिणाऱ्यांना डायबेटिस कमी होतो असंही वाचलंय. मग ढिलं कसं पडतं?

अनिरुद्ध_लॅबवाला
दोन्ही खरं आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्या मोठ्या गटांत टाइप २ कमी दिसतो, कॅफिन काढलेली कॉफी पिणाऱ्यांतही. म्हणजे ते श्रेय बहुधा कॅफिनचं नाही. पण ती निरीक्षणं आहेत, कारण सिद्ध झालेलं नाही. त्यावरून डायबेटिसवर उपाय म्हणून कॉफी सुरू करू नका.

वृषाली_नाशिक
डायबेटिस निघालाच म्हणून लिहिते. बाबा ६८ वर्षांचे, सकाळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे इन्सुलिन वाढवून साखर उतरवणारी गोळी. कुणीतरी त्यांना १६ तासांचं वेड लावलं. गोळी तीच, नाश्ता बंद, त्याजागी काळी कॉफी. पाचव्या दिवशी दहा वाजता घाम, थरथर, बोलणं तुटक. आई म्हणाली, "कॉफी जास्त झाली." मी मीटर लावला, ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ८१. नंतर डॉक्टरांनी गोळीही बदलली आणि बाबांची कानउघाडणीही केली. कॉफीचा थरकाप आणि साखर पडल्याचा थरकाप सारखाच दिसतो. कृपया हे कुणीतरी ठळक करा.

अनिरुद्ध_लॅबवाला
ठळक करायला हवं ते हेच. साखर ७०च्या खाली गेली की उपवास वगैरे विसरून आधी साखर द्यायची. आणि अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवायच्याच नाहीत.

निखळ_उपवासी
सगळे साखरेतच अडकलेत. उपवासाचा खरा फायदा ऑटोफॅजी, म्हणजे पेशी स्वतःतलाच टाकाऊ माल पचवतात ती. पाण्याव्यतिरिक्त काहीही घेतलंत की ती थांबते. त्यावर काम करणाऱ्या ओसुमींना २०१६चं नोबेल उगाच मिळालं का?

अनिरुद्ध_लॅबवाला
ओसुमींचं काम यीस्टवर आहे, तुमच्या-माझ्या सकाळच्या कपावर नाही. उंदरांना कॉफी दिल्यावर ऑटोफॅजी उलट वाढलेली दिसली, तेव्हा "थांबते" कुठून आणलंत? माणसात मात्र घरी मोजता येत नाही, त्यामुळे यावर मी तुमच्याशी भांडूही शकत नाही.

निखळ_उपवासी
मग मी पाणीच पिणार.

अनिरुद्ध_लॅबवाला
जरूर. रक्त तपासायच्या दिवशी तर सगळ्यांनीच तेच करावं. तिथे "फक्त काळी कॉफी घेतली" हे चालत नाही.

चैताली_के
आठवडा झाला. बोटांची चाळण झालीये. घ्या.

कॉफी: ९४ ते १०५, ९१ ते ९९, ९६ ते १०१.
गरम पाणी: ९३ ते १००, ९० ते ९८, ९५ ते ९४.

कॉफीने सरासरी ८ वाढली, पाण्याने पावणेपाचच्या आसपास. तीन पॉइंटांच्या फरकासाठी बारा पट्ट्या गेल्या. अनिरुद्ध, तुम्ही जिंकलात, अभिनंदन, पट्ट्यांचं बिल कुठे पाठवू? पण पाण्यापेक्षा कॉफीचे आकडे जास्तच आहेत, हे मी सोडणार नाही.

अनिरुद्ध_लॅबवाला
सोडू नका. जास्त असतीलही. पण सहा दिवसांत आणि या मीटरवर तीन पॉइंट खरे की नुसते डगमगणारे, हे मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही. बिल गिरीशरावांच्या मेव्हण्याला पाठवा.

चैताली_के
बरं, शेवटचं. कॉफीत दोन चमचे दूध घातलं तर?

अनिरुद्ध_लॅबवाला
कुठले चमचे?

चैताली_के
आमच्याकडे त्याला पळी म्हणतात.

अनिरुद्ध_लॅबवाला
चहाचे दोन चमचे म्हणजे दहा मिली, त्याने काही बिघडत नाही. तुमच्या दोन पळ्या म्हणजे अर्धा कप. त्यात साखर आहे, प्रथिनं आहेत, आणि दूध इन्सुलिनला त्यातल्या साखरेच्या मानाने जरा जास्तच चाळवतं. त्याला आम्ही नाश्ता म्हणतो.