साइट बिल्डरवरची वेबसाइट नक्की कोणाची? अटी वाचायच्या की नाही?

समुद्रपूरची हळद
आमचा अकरा शेतकऱ्यांचा गट आहे, वायगाव हळदीची पावडर विकतो. अडीच वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या एका मुलाकडून साइट बिल्डरवर, म्हणजे भाडं घेऊन तयार साच्यात साइट उभी करू देणाऱ्या कंपनीकडे, वेबसाइट करून घेतली, त्याला 9,000 रुपये दिले. बिल्डरचं वर्षाचं भाडं आता परवडत नाही, म्हणून दुसरीकडे जायचं आहे. अटींमध्ये ‘तुमचा कंटेंट तुमचाच’ असं वाक्य सापडलं. मग फोटो, मजकूर, डिझाइन सगळं उचलून नेता येईल ना? गटातले म्हणतात, पैसे आपण मोजले, अटी कशाला वाचत बसायच्या?

आर्वीचा दुकानदार
गटातले बरोबर बोलतात. शिलाई दिली की सदरा आपला. कॉपीराइट कायद्यात, 1957 च्या, कलम 17 मध्ये आहेच की पैसे देऊन काम करून घेतलं तर हक्क पैसे देणाऱ्याचा. कंपनीने अटीत काहीही लिहिलं तरी कायदा मोठा. बिनधास्त न्या.

यवतमाळची ताई (वेबसाइटचं काम करते)
भाऊ, तुमचं म्हणणं फोटोंपुरतं खरं आहे. त्या कलमात पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, चित्र, सिनेमा यांचा उल्लेख आहे, आणि वेगळा करार नसेल तरच. बाहेरच्या माणसाने लिहून दिलेला मजकूर त्यात येत नाही. तो लिहिणाऱ्याचाच राहतो, त्याने लेखी सही करून दिला तरच तुमचा होतो.

पण समुद्रपूरच्या दादांनी आधी त्या वाक्यातला ‘तुमचा’ हा शब्द बघावा. तो ‘तुम्ही’ म्हणजे कोण? अटींच्या सुरुवातीला बहुधा लिहिलेलं असतं की ज्याने खातं उघडलं तो. पैसे गटाने दिले हे कंपनीला माहीतच नाही. मुलाने स्वतःच्या ईमेलवरून खातं उघडलं असेल तर कंपनीच्या लेखी मालक तो. उद्या तुम्ही मदत मागायला गेलात तर कंपनी त्याच्याच ईमेलवर उत्तर देईल. आज खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘Owner’ समोर कोणाचा ईमेल आहे ते बघा. बहुतेक बिल्डरमध्ये मालकी दुसऱ्या ईमेलवर देण्याची सोय असते, पण ते बटण जुन्या मालकालाच दाबावं लागतं.

दुसरी गोष्ट. अटी उघडून Ctrl+F करा आणि `license` शोधा. हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी भेटेल. एके ठिकाणी तुम्ही कंपनीला परवानगी देता, तुमचा मजकूर साठवायची, दाखवायची. दुसऱ्या ठिकाणी कंपनी तुम्हाला परवानगी देते, तिचं टेम्पलेट, म्हणजे पानाचा तयार साचा, वापरायची. या दुसऱ्या परिच्छेदाजवळ बहुधा `non-transferable`, म्हणजे दुसऱ्याला देता न येणारं, असं असतं आणि ‘फक्त आमच्या सेवेवर’ अशा अर्थाचं वाक्य असतं. म्हणजे टेम्पलेट भाड्याचं. घर रिकामं करताना आपण भांडीकुंडी नेतो, भिंती नेत नाही.

तुमच्या साइटचं उदाहरण घेते. हळदीच्या पाकिटांचे फोटो, गटाची माहिती, मालाची किंमतयादी हे सगळं येईल. एक्सपोर्टची सोय असेल तर किंमतयादी CSV या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये मिळते, नसेल तर हाताने उतरवायची. पानाची मांडणी, कार्ट, ऑर्डरचा फॉर्म येणार नाही. आणि पहिल्या पानावरचा पिवळ्या फुलांचा मोठा फोटो बिल्डरच्या संग्रहातला असेल तर तोही सोडावा लागेल, कारण अशा फोटोंची परवानगी बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच साइटपुरती असते. कोणी म्हणेल, ब्राउझरमधून Ctrl+S करा. दिसायला पान तेच राहतं, पण ‘ऑर्डर द्या’ दाबलं की काही होत नाही, कारण ऑर्डर घेणारा भाग कंपनीच्या सर्व्हरवर आहे.

दर्यापूरचं पोट्टं
काहून एवढं वाचाचं ताई? वीस पानं इंग्रजी, अन् मोबाइलवर. अन् कंपनी उद्या अटी बदलते, मंग वाचलेलं गेलं पाण्यात. आपल्याला ‘मंजूर’ दाबाच लागते, दुसरा रस्ता आहे का? मी दोन साइटी केल्या, एकाचंही वाचलं नाही, काई झालं नाही.

यवतमाळची ताई
अटी बदलता येत नाहीत हे मान्य, पण वाचून आपण तिथे काय ठेवायचं ते बदलता येतं. सगळी वीस पानं वाचू नका. `license`, `template`, `termination`, `export` एवढे चार शब्द शोधा. `termination` जवळ खातं बंद झाल्यावर कंटेंट कधी पुसतात ते असतं. आणि ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी पानाची PDF काढून ठेवा, मग कंपनीने पुढे काय बदललं ते तरी कळतं. तुमच्या दोन साइट हलवायची वेळ अजून आली नाही, म्हणून त्रास झाला नाही.

वरुडचा संत्रेवाला
आमच्याकडे हाच घोळ झाला. पण तुमचं GI आहे ना? वायगाव हळदीचा भौगोलिक निर्देशांक आहे, मग नाव बाहेरच्या भागातलं कोणी वापरूच शकत नाही. आमच्या साइटचं नाव, म्हणजे डोमेन, करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. भांडण झालं, नूतनीकरण झालं नाही, पत्ता गेला. पाकिटांवर तोच छापलेला होता, दीड हजार पाकिटं आम्ही स्टिकर लावून विकली.

यवतमाळची ताई
दादा, GI मालाच्या नावाचं आहे, वेबसाइटच्या मालकीशी त्याचा संबंध नाही. पण डोमेनची तुम्ही चांगली आठवण करून दिली. ते बिल्डरकडूनच घेतलं असेल तर त्याचा मालक म्हणून कोणाचं नाव आहे तेही बघायला हवं.

हिंगणघाटचा डिझायनर (तो मुलगा मी नाही)
आमची बाजूही ऐका. 9,000 मध्ये साइट उभी करतो, टेम्पलेट बिल्डरचं असलं तरी रंग, चित्रं, लोगो आमचा जीव ओतून केलेला असतो. लोगो मी काढला, लिहून दिला नाही, तर तो माझा आहे. ‘पैसे दिले म्हणजे सगळं आलं’ हे आर्वीच्या भाऊंचं म्हणणं मला पटत नाही. वेगळे पैसे मिळाले तर मी आनंदाने लिहून देतो.

आर्वीचा दुकानदार
लोगो म्हणजे चित्रच की. कलमात चित्र आहे असं ताईच म्हणाल्या. मग माझ्या पैशाने काढलेलं चित्र माझंच.

यवतमाळची ताई
इथे मी ठाम बोलणार नाही. हाताने रंगवलेलं चित्र आणि संगणकावर काढलेलं बोधचिन्ह एकच धरायचं का, यावर वाद घालता येतो. म्हणून मी वाट बघत नाही, लिहूनच घेते. कलम 19 प्रमाणे हक्क सोपवल्याचं लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहा. नाही लिहिली तर 5 वर्षांचीच धरली जाते, आणि क्षेत्र लिहिलं नाही तर भारतापुरतंच.

समुद्रपूरची हळद
ताई, रात्री खात्यात जाऊन बघितलं. Owner समोर त्या मुलाचाच ईमेल आहे. फोन केला, तो पुण्याला नोकरीला आहे, चांगला बोलला, रविवारी मालकी देतो म्हणाला. डोमेन मात्र गटाच्या ईमेलवर निघालं. पहिल्या पानावरचा फोटो बिल्डरच्या संग्रहातलाच आहे, त्याऐवजी आमच्या वावरातला टाकू. लोगोचं विचारल्यावर तो म्हणाला, बघू. तेवढंच राहिलं आहे. त्याला किती द्यावेत, हिंगणघाटचे भाऊ सांगतील का?

हिंगणघाटचा डिझायनर
मी असतो तर हजार घेतले असते. त्याचं तो सांगेल.