नियम वेगळे, पण ओझं कुणावर?

> "नोकरीवर कसं दिसायचं याचा पुरुषांना एक नियम आणि बायकांना दुसरा, हे मुळात बेकायदेशीरच नाही का?"

अमेरिकेत तरी सरसकट नाही. तिथली बरीच न्यायालयं बघतात की एका बाजूवर जास्त ओझं पडतंय का. नेवाडातल्या रेनो शहरातल्या हॅराज कॅसिनोत डार्लिन जेस्पर्सन जवळपास वीस वर्षं बारटेंडर होत्या. नवा नियम आला: बायकांनी पावडर, ब्लश, मस्कारा आणि लिपस्टिक लावायची, पुरुषांनी मेकअप करायचा नाही, केस कॉलरच्या वर ठेवायचे. त्यांनी नकार दिला आणि नोकरी गेली. २००६ मध्ये नवव्या सर्किट न्यायालयात, म्हणजे पश्चिम अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयात, त्या हरल्या, कारण मेकअपला किती पैसे आणि वेळ लागतो याचा पुरावाच दिलेला नव्हता. हे उघड आहे, असं न्यायालयाने स्वतःहून मानलं नाही. मला हे आजही खटकतं. रोज आरशासमोर उभं राहणाऱ्या बाईला याचा पुरावा का मागावा?

याच न्यायालयाने २००० साली युनायटेड एअरलाइन्सचा विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठीचा वजनाचा नियम मात्र बेकायदेशीर ठरवला होता. पुरुषांच्या वजनाची कमाल मर्यादा मोठ्या बांध्याच्या तक्त्यावरून आणि बायकांची मध्यम बांध्याच्या, त्यामुळे फरक कागदावरच दिसत होता. म्हणून तक्रार करायची असेल तर आधी खर्चाच्या पावत्या आणि लागणाऱ्या मिनिटांची नोंद ठेवा.