लिस्टिंगचे फोटो गेले, आता आठवणीतून लिहून काढायचेत

मेधा, गुरुवार रात्री

नमस्कार मंडळी,

थोडी घाईची मदत हवीय. न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीत आम्ही एक घर बघतोय, 1962 चं स्प्लिट लेव्हल, चार बेडरूम. जुलैत लिस्ट झालं तेव्हा 34 फोटो होते आणि मी ते दोनदा नीट बघितले होते. मग ते दुसऱ्याच कोणाच्या काँट्रॅक्टमध्ये गेलं आणि गॅलरी काढून टाकली. काल एजंटचा फोन, की ते काँट्रॅक्ट मोडलं, घर परत आलंय, शनिवारी वीस मिनिटं दाखवतील आणि रविवारी संध्याकाळपर्यंत हायेस्ट अँड बेस्ट, म्हणजे आपली शेवटची बोली, द्यायचीय. नवीन लिस्टिंगवर समोरचा एकच फोटो आहे. मालक राहतायत म्हणून आत फोटो काढायला मनाई. नवरा तीन आठवडे पुण्यात आहे, त्याने एकही फोटो बघितलेला नाही, आणि पैसे दोघांचे आहेत. म्हणून मी त्याला आठवणीतून लिहून पाठवलं:

"किचन मोठं आहे, साधारण पंधरा फुटांचं, आयलंड आहे. बेसमेंट छान फिनिश्ड, कार्पेट आहे. बेडरूम सगळ्या प्रशस्त. बाहेर मोठा डेक. घर मेंटेन केलेलं वाटलं."

तो म्हणतो यावरून मला काहीच ठरवता येत नाही. बरोबर आहे त्याचं. कसं लिहू? किचनचा एक स्क्रीनशॉट ताईला पाठवलेला तेवढा व्हॉट्सअॅपवर सापडला, बाकी सगळं डोक्यात.

वसंतकाका, शुक्रवार सकाळी

चि. मेधा, गॅलरी काढून टाकली म्हणजे खोलीत घेतली का? आमच्या ठाण्याच्या सोसायटीत तिघांनी गॅलरी आत घेतली आणि नंतर नोटीस आली, स्लॅबवर भार वाढतो. तिथे नगरपालिकेची परवानगी घेतली होती का ते आधी विचार, मगच पैशाचं बोल. मी मुलाकडे ऑक्टोबरपर्यंत आहे, लागलं तर फोन कर.

नितीन, शुक्रवार सकाळी

मेधाताई, बेसमेंटच्या फोटोत डीह्युमिडिफायर होता का आठवा. असेल तर सोडून द्या ते घर, सरळ पाणी येतंय. आम्ही 2021 ला आयडा वादळाच्या वेळी मॅनव्हिलमध्ये मित्राकडे होतो, काय हाल झाले ते बघितलंय. आणि जुने फोटो वेबॅक मशीनवर मिळतील, तिथे सगळं सेव्ह असतं.

मेधा, शुक्रवार दुपारी

वसंतकाका, गॅलरी म्हणजे फोटोंची गॅलरी हो, वेबसाइटवरची. पण तुम्ही म्हणालात त्यावरून डेक आठवला, त्याचं परमिट मी विचारलंच नव्हतं.

नितीन, वेबॅकवर बघितलं, पान आहे पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. आणि हो, डीह्युमिडिफायर होता, कोपऱ्यात, पांढरा, नळी लावलेली. आता मला भीती वाटायला लागलीय.

श्रीकांतकाका, शुक्रवार संध्याकाळी

अगं मेधा, घाबरू नकोस. तीस वर्षं मी याच भागात घरांचं इन्स्पेक्शन केलंय, न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर नसलेलं बेसमेंट मला क्वचित दिसलं. जुलैचा फोटो आहे, मशीन चालू असणारच. नितीन म्हणतो ते अर्धं खरंय. एकट्या मशीनवरून काही ठरत नाही, त्याच्या आजूबाजूला काय होतं त्यावरून ठरतं. वॉशर, बॉयलर विटांवर किंवा ठोकळ्यांवर उचलून ठेवलेत का? भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा वेगळ्या रंगाचा किंवा नवीन पॅनेलचा आहे का? उघड्या काँक्रीटवर पांढरी पावडर, मीठ फुटल्यासारखी, एका उंचीपर्यंत दिसते का? यातलं काही आठवत असेल तर लिही, नसेल आठवत तर "आठवत नाही" असं लिही, "नव्हतं" असं लिहू नकोस. या दोन शब्दांमध्ये तुझ्या नवऱ्याचा सगळा निर्णय आहे.

तुझ्या मजकुरातली अडचण तीच आहे. मोठं, छान, प्रशस्त, मेंटेन केलेलं, ही तुझी मतं झाली, दिसलं काय ते त्यात नाही. आणि मतं फोटोग्राफरने घडवलेली असतात. वाइड अँगल लेन्सने खोली लांब दिसते आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात, म्हणून फ्रीज कडेला असेल तर आयलंडएवढा रुंद वाटतो. फूट अंदाजाने लिहूच नकोस. ज्यांचं माप ठरलेलं असतं अशा वस्तू मोज. डिशवॉशर 24 इंच, स्टोव्ह 30 इंच, इथल्या बहुतेक घरांत हेच. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये भिंतीला लागून काय काय आहे ते डावीकडून उजवीकडे लिही आणि बेरीज कर. जमिनीवर टाइल असेल तर डिशवॉशरच्या पायाशी किती टाइल बसतात ते बघ, म्हणजे टाइलचं माप कळेल, मग आयलंडपर्यंतच्या टाइल मोज. कडेचं मोजू नकोस, मधलं मोज.

आणि बाहेरच्या फोटोत पायाच्या भिंतीजवळ जमिनीतून वर आलेला बारीक पाइप, वर टोपी असलेला, होता का आठव. 1962 चं घर म्हणजे आधी ऑइल हीट असण्याची शक्यता बरीच. आता गॅस असला तरी टाकी जमिनीत राहिलेली असू शकते, आणि ती गळली असेल तर माती काढण्याचा खर्च घरमालकाच्या नेहमीच्या इन्शुरन्समध्ये बहुतेक वेळा बसत नाही. टँक स्वीप, म्हणजे जमिनीत टाकी आहे का याची तपासणी, दोन-चारशे डॉलरमध्ये होतो.

शेवटी, कशाचा फोटो नव्हता त्याची वेगळी यादी कर. 34 फोटो लावणारा माणूस एखादी खोली विसरत नाही.

स्नेहा, शुक्रवार संध्याकाळी

मेधा, माझं रिअल इस्टेट लायसन्स आहे म्हणून लिहितेय. तुझ्या एजंटला सांग की एमएलएसमध्ये, म्हणजे एजंटांच्या लिस्टिंगच्या डेटाबेसमध्ये, त्याच्या लॉगिनमधून त्याच पत्त्याची जुनी लिस्टिंग उघड, पब्लिक साइटवरून गेलेले फोटो तिथे कधी दिसतात कधी नाही, पण विचारायला दोन मिनिटं लागतात. फोटोंचा हक्क बहुतेक वेळा फोटोग्राफरचा किंवा लिस्टिंग एजंटचा असतो, त्यामुळे ते पुढे पाठवता येतीलच असं नाही, पण स्क्रीनवर बसून बघता येतील.

दुसरं, मालकाचं डिस्क्लोजर आजच मागव. 2024 पासून इथे पुराची माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. बेसमेंटबद्दल तुझ्या आठवणीपेक्षा ते कागद महत्त्वाचे. आणि आधीचं काँट्रॅक्ट कशामुळे मोडलं तेही स्पष्ट विचार, लोनमुळे की इन्स्पेक्शनमुळे.

डेकच्या परमिटसाठी टाउनशिपकडे ओप्रा रिक्वेस्ट, म्हणजे सरकारी कागद मागवायचा अर्ज, टाक. उत्तराला सात कामाचे दिवस असतात, म्हणजे रविवारच्या आधी येणार नाही, पण आज टाकलीस तर इन्स्पेक्शनच्या मुदतीत हातात येईल. त्यातच टॅक्स असेसरचं प्रॉपर्टी कार्डही माग, बाहेरून बाहेरची मापं त्यावर असतात.

मेधा, शुक्रवार, मध्यरात्र उलटून

काका, स्नेहा, खूप आभार. एजंटकडे जुने फोटो दिसत नाहीयेत, लिस्टिंग आहे पण तिलाही एकच फोटो. म्हणून परत लिहिलं. नवऱ्याला पाठवायच्या आधी इथे टाकतेय, चुकलं असेल तर सांगा.

"किचन (स्क्रीनशॉट समोर ठेवून): खिडकीच्या भिंतीला डावीकडून ड्रॉवरचं कपाट, स्टोव्ह, सिंक, डिशवॉशर. स्टोव्ह 30, डिशवॉशर 24, सिंकचं कपाट डिशवॉशरच्या दीडपट दिसतं म्हणजे 36, ड्रॉवरचं साधारण 18. बेरीज 108 इंच, नऊ फूट. मी पंधरा म्हणाले होते ते चूक. डिशवॉशरच्या पायाशी दोन टाइल बसतात म्हणजे टाइल 12 इंची. तिथून आयलंडपर्यंत तीन टाइल, 36 इंच. डिशवॉशरचं दार उघडलं की दोन फूट त्यातच जातात, म्हणजे माणसाला फूटभर उरतो.

बेसमेंट (आठवणीतून): डीह्युमिडिफायर, नळी सिंककडे गेलेली. कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत. लाकडी पॅनेल पूर्ण उंचीचं होतं की अर्ध्या उंचीचं ते आठवत नाही. वॉशर जमिनीवरच होता, खाली काही नव्हतं, हे पक्कं आठवतं कारण बाजूला चपला होत्या. बॉयलरचा फोटो नव्हता. उघडी काँक्रीट भिंत कुठल्याच फोटोत नव्हती.

बाहेर: डेकला सहा पायऱ्या. गॅरेजच्या बाजूच्या फोटोत झुडपाआड काहीतरी काळं उभं होतं, पाइप की नळाचा स्टँड, सांगता येत नाही.

फोटो नव्हते: चौथी बेडरूम, बॉयलर, इलेक्ट्रिक पॅनेल, घराची मागची डावी बाजू."

लिहिताना लक्षात आलं की दोन वेळा बघूनही मला जे आठवलं ते सगळं फर्निचर होतं. सोफ्याचा रंग अजून सांगू शकते.

श्रीकांतकाका, शनिवार सकाळी

आता हा मजकूर कामाचा झाला. एकच दुरुस्ती. सिंकचं कपाट दीडपट "दिसतं" त्यावरून 36 धरलंस, ते 33 पण असू शकतं, म्हणून नऊ फुटांच्या आधी "सुमारे" लिही. आज टेप घेऊन जा, फोटोला मनाई आहे, मापाला नाही. वीस मिनिटांत सगळं होणार नाही, म्हणून "फोटो नव्हते" याच यादीने सुरुवात कर आणि किचन शेवटी ठेव. डेकची पट्टी घराला बोल्टने जोडलीय की नुसत्या खिळ्यांनी, ते खालून वाकून बघ, तो जोड बहुतेक कुठल्याच फोटोत दिसत नाही.

नितीन, शनिवार दुपारी

काकांचं मान्य, पण मी अजूनही म्हणेन की उघडी भिंत एकाही फोटोत नाही हे मला आवडलेलं नाही. पूर्ण फिनिश केलेल्या बेसमेंटमध्ये मागे काय आहे ते इन्स्पेक्टरलाही दिसत नाही.

श्रीकांतकाका, शनिवार दुपारी

हे नितीनचं बरोबर आहे. मॉइश्चर मीटर लावता येतो, त्याने आजची ओल कळते, गेल्या सप्टेंबरची नाही.

मेधा, शनिवार रात्री

जाऊन आले. आयलंडचं अंतर 37 इंच निघालं, भिंत 107. चौथी बेडरूम म्हणजे लोअर लेव्हलची खोली, कपाट नाही, खिडकी छोटी आणि उंचावर, माणूस बाहेर पडू शकेल अशी नाही. मालक म्हणाले ऑफिस म्हणून वापरतो. म्हणजे आमच्या हिशोबात तीन बेडरूमच. बेसमेंटचं पॅनेल पूर्ण उंचीचं, पट्टा वगैरे नाही, पण बॉयलरच्या कोनाड्यात एक हातभर उघडी भिंत आहे आणि तिथे खाली थोडी पांढरी पावडर आहे, चार इंचांपर्यंत. डेकला बोल्ट दिसले. झुडपाआडचा तो पाइपच आहे, टोपी असलेला. लिस्टिंग एजंट म्हणते टाकी "खूप आधी" काढली, कागद विचारले तर शोधून सांगते म्हणाली. आधीचं काँट्रॅक्ट कशामुळे मोडलं याचं उत्तर दिलं नाही.

डिस्क्लोजर आलंय, पुराच्या सगळ्या प्रश्नांना "नाही" लिहिलंय, टाकीच्या प्रश्नाला "माहीत नाही".

पुण्यात आता सकाळचे साडेसात वाजलेत, नवऱ्याला हे सगळं पाठवलंय. तो म्हणतोय बोली लावायची असेल तर तीन बेडरूमच्या भावाने आणि टँक स्वीपची अट घालूनच. मला वाटतं टाकीचे कागद आल्याशिवाय लावूच नये, पण ते रविवारपर्यंत येतील असं दिसत नाही. काका, ती चार इंचांची पावडर किती मनावर घेऊ?