आत्याच्या मेसेजवर नुसता अंगठा टाकायचा का?

परभणीकर, सध्या पुणे:
घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हॉइस नोट, इमोजी, रिअ‍ॅक्शन हे सगळं बंद करा. म्हाताऱ्या माणसांना त्यातलं काही कळत नाही, नुसते गैरसमज होतात. दोन ओळी सरळ लिहा, नाहीतर फोन करा. माया दाखवायला चित्रं कशाला लागतात?

सेलूकर:
वाचून राहवलं नाही. माझी आत्या सेलूला एकटी राहते. कानानं कमी ऐकते. फोन केला की नुसती "हो बाबा, हो बाबा" म्हणते आणि ठेवल्यावर शेजारणीला विचारते, काय म्हणला गं तो? बारीक अक्षर तिला वाचवत नाही. व्हॉइस नोट मात्र ती खाटेवर बसून पुन्हा पुन्हा लावते, शेजारणीलाही ऐकवते. तीच बंद करायची म्हणजे तिच्याशी बोलणंच बंद करायचं.

घोळ होतो तो रिअ‍ॅक्शननं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा शेजारच्या पोरीकडून तिनं ग्रुपवर लिहून घेतलं, "पट्टी काढली, दिसायलंय." आम्ही सगळ्या भाच्या-पुतण्यांनी त्यावर बदाम आणि अंगठे टाकले आणि कामाला लागलो. रिअ‍ॅक्शन मेसेजच्या खालच्या कडेला नखाएवढी चिकटते, ग्रुपवर नवी ओळ येत नाही. आत्याच्या लेखी कुणीच काही बोललं नव्हतं. संध्याकाळी पोरीनं मेसेज वर सरकवून दाखवला, तर तिला आधी दिसला अंगठा. "मी आंधळी व्हायची वाचले, अन् हा मला ठेंगा काऊन दाखवायलाय?" तिच्या पिढीला अंगठा म्हणजे 'जा, देत नाही' हेच माहीत.

म्हणून मोठ्या माणसाची काही बातमी असेल तर रिअ‍ॅक्शनवर भागवू नका. तिचा मेसेज उजवीकडं ओढून त्यालाच उत्तर द्या, म्हणजे तिची ओळ वर दिसते. सुरुवात नात्यानं करा: "आत्या, पट्टी निघाली, लई बरं झालं. रविवारी येतो. 🙏" आता चित्रावर बोट ठेवून वाक्य वाचा. अर्थ तोच राहिला तर चित्र राहू द्या. चित्राशिवाय अर्थ कळत नसेल किंवा उलटा होत असेल, तर काढून टाका.

निवृत्त तलाठी, हिंगोली:
चित्रं बंदच पाहिजेत. आमच्या भावकीत एकजण वारले, तर मावशींनी निधनाच्या मेसेजखाली 😂 टाकलं. डोळ्यांतून पाणी दिसलं म्हणून त्यांना वाटलं, रडतंय. तेराव्यापर्यंत त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. आणि सेलूकर, रिअ‍ॅक्शन आली की फोन वाजतो. तुमच्या आत्यानं बघितलं नसेल.

मोबाईल दुरुस्ती, अंबाजोगाई:
तलाठीसाहेब, वाजतो, पण ज्याचा मेसेज आहे त्याच्याच फोनवर आणि ग्रुप म्यूट नसेल तर. सकाळच्या फुलांच्या फोटोंमुळं निम्म्या म्हाताऱ्यांचे ग्रुप म्यूट असतात. ते म्यूट आम्हीच करून देतो.

😂 बद्दल तुमचं खरं आहे. 😭 ची गत त्याहून वाईट. पोरं ते हसून हसून रडल्यासारखं वापरतात, आई धसकते. आईवडिलांना ही दोन्ही पाठवूच नका.

आता व्हॉइस नोटचं. एक आजोबा दुकानात आले, म्हणले पोरगा आजकाल माझ्याशी गडबडीत बोलतो, चिडलेला असतो. मी नोट लावली. वाजताना बाजूला 1x लिहिलेलं बटण येतं, तिथं त्यांच्या बोटानं 1.5x झालं होतं. पुढच्या नोटाही त्याच वेगानं वाजत राहिल्या. पुन्हा 1x केलं, तर पोरगा सावकाश म्हणत होता, "तात्या, गोळी घेतली का?" आजोबांनी ती नोट दुकानातच तीनदा ऐकली.

दुसरी तक्रार असते की आवाज मधेच जातो. फोनच्या वरच्या टोकावर तळहात आला की फोनला वाटतं कानाला लावलाय. स्क्रीन काळी होते आणि आवाज कानाच्या बारक्या स्पीकरमधून येतो. नोट बिघडलेली नसते. फोन खालून धरायला शिकवा, नाहीतर सरळ कानालाच लावा म्हणा.

परभणीकर, सध्या पुणे:
म्हणजे आता प्रत्येक काकूच्या फोनचा वेग तपासायला गावाकडं जायचं? एवढ्या उठाठेवीपेक्षा एक फोन लावला तर काय बिघडतं?

उदगीरची सून:
फोन कोण लावतं ते सांगा आधी! आमच्याकडं नवरा त्याच्या आत्याला अंगठा टाकून मोकळा होतो. मग सासूबाई मला म्हणतात, "तू जरा नोट पाठव, त्यांना वाईट वाटलं." त्यांची आत्या, त्यांचा मोबाईल, अन् बोलायचं मी, तेही भाकरी टाकता टाकता. एकदा नोटमध्ये कुकरची शिट्टी गेली तर ऐकावं लागलं की सुनेला बोलायला वेळ नाही. वरून गोड बोलायचं, थांबून बोलायचं. माया पोहोचवायचं खातं कायम बाईकडंच का?

परभणीकर, सध्या पुणे:
ताई, विषय काय चाललाय आणि तुम्ही कुठं नेताय? घरची भांडणं इथं कशाला?

उदगीरची सून:
घरचीच माणसं आहेत ना ग्रुपवर? तुम्ही शेवटची नोट स्वतःच्या आवाजात कधी पाठवली ते सांगा, मग मला विषय शिकवा.

निवृत्त तलाठी, हिंगोली:
आमच्या काळी सुना पत्रं लिहीत होत्या, कुणी तक्रार केली नाही.

उदगीरची सून:
केली असेल काका. तुमच्यापर्यंत कुणी आणली नसेल.

मास्तर, धारूर तालुका:
तुमची भांडणं चालू द्या, माझ्या शाळेतलं सांगतो. दिवाळीच्या आसपास आमच्या गावातले आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, लेकरं आजीजवळ राहतात. लिहिता न येणारी आई रात्री फडावरून नोट पाठवते. दिवसा फोन लागत नाही, लागला तर आजी शेतात असते. सकाळी लेकरू नोट लावतं अन् आजी ऐकते. इथं इमोजीचा प्रश्नच येत नाही. एका आईच्या बोटानं माइकजवळचा गोलातला 1 दाबला गेला, नोट एकदाच वाजून गेली. लेकरू दिवसभर माझ्या मागं, "सर, आईला परत लावा." कुठून लावू?

मोबाईल दुरुस्ती, अंबाजोगाई:
मास्तर, ती परत येत नाही. माइक वर ओढून लॉक केला की तो 1 शेजारीच येतो, चुकून दाबला जातो. त्या बाईला सांगा, लॉक न करता माइक धरूनच बोलायचं.

सेलूकर:
आणि नोटच्या आधी एक ओळ लिहा, "काळजीचं काही नाही, निवांत ऐका." ओळ नसली की आत्या आधी घाबरते, मग ऐकते. बोलणं मिनिटाच्या आत ठेवा. काही दुखलं-खुपलं असेल तर मात्र फोनच करा, ते नोटमध्ये सांगू नका.

परभणीकर, सध्या पुणे:
बरं, व्हॉइस नोट राहू द्या, मास्तरांच्या त्या लेकरासाठी. इमोजी आणि अंगठा बंद, यावर मी ठाम आहे. पण ऐकलं की नाही हे कसं कळणार?

मोबाईल दुरुस्ती, अंबाजोगाई:
नोटवरचा माइक निळा झाला की ऐकलं. पण ग्रुपवर सगळ्यांनी ऐकल्याशिवाय तो निळा होत नाही, म्हणून आत्याला तिच्या स्वतःच्या नंबरवर पाठवा.

उदगीरची सून:
आणि पाठवणाऱ्यानं स्वतः पाठवा.