मदत हवी आहे: जीएसटी नोंदणी का नाही म्हणून नोटीस, पण पैसे तर परदेशातून येतात

शिवणटिप: शिवणकामाचे व्हिडिओ करते. 2023-24 सालासाठी ASMT-14 आली आहे, उत्तराला 15 दिवस. बँकेत परदेशी प्लॅटफॉर्मकडून 17 लाख 40 हजार आले आणि भारतातल्या ब्रँडकडून 2 लाख 10 हजार. म्हणजे साडेएकोणीस, नोंदणीच्या वीस लाखांच्या मर्यादेच्या आतच. नोटिशीत मात्र 20 लाख 85 हजार धरून सरसकट 18 टक्क्यांनी 3,75,300 कर दाखवलाय. जास्तीचे 1 लाख 35 हजार कुठून आले?

कोरी_पाटी: सेवा निर्यात म्हणजे झिरो रेटेड. नोंदणीची गरजच नाही, तसं लिहून द्या.

वहीखाते: कर शून्य हे बरोबर, पण वीस लाख मोजताना निर्यातही धरतात. ताई, तुमचं आयकराचं रिटर्न काढून बघा. अमेरिकन प्रेक्षकांच्या कमाईवर तिकडे कर कापला असेल, तर उत्पन्न कापण्याआधीचं धरायचं. एफडीचं व्याज किती होतं?

शिवणटिप: कपात 30 हजार, व्याज 1 लाख 5 हजार. जुळलं की! पण व्याजाचा धंद्याशी काय संबंध?

रिकामा_बॉबिन: मलाही नोटीस आली होती, ॲडव्हान्स टॅक्स कमी भरला म्हणून. व्याज लावून भरून टाकलं, सुटलो.

वहीखाते: ते आयकराचं, हे वेगळं.
ताई, व्याज करमाफ असलं तरी उलाढालीत धरतात, ॲडव्हान्स रूलिंग तशी आली आहेत. ती ज्याने मागितली त्यालाच बांधील, म्हणून मुद्दा मांडता येईल. पण फक्त त्यावर विसंबू नका. खरं उत्तर करावर द्या. परदेशी रकमेवर शून्य, व्याजावर नाही. उरले ब्रँडचे 2,10,000, त्यावर 37,800, तेही वीस लाख ओलांडल्यानंतरच्या बिलांपुरतं. महिनावार तक्ता करा. प्लॅटफॉर्मचा करार आणि बँकेकडून प्रत्येक रकमेचं एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा दाखला, जोडा, त्यात पाठवणारा परदेशी आणि चलन डॉलर दिसायला हवं. पैसे मधल्या पेमेंट कंपनीमार्फत रुपयांत जमा होत असतील तर पासबुकात ते देशी वाटतात. तिच्याकडून पत्र मागा.

कोरी_पाटी: पण एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, दिलं नव्हतं, मग शून्य कसं?

वहीखाते: उशिरा दिलं तरी तेवढ्यावरून निर्यातीची सवलत नाकारू नये, असं 2018चं परिपत्रक आहे. नोंदणी घेऊन लगेच द्या.

शिवणटिप: तक्ता केला. व्याज मार्चअखेर जमा झालंय, वीस लाख 31 मार्चलाच ओलांडले. ब्रँडची सगळी बिलं जानेवारीआधीची. पण एप्रिलमध्ये 60 हजारांचं एक बिल आहे, ब्रँडकडून जीएसटी घेतलेला नाही. तो आता खिशातून?

वहीखाते: ब्रँडला विचारून बघा, देतील असं नाही. ते पुढच्या वर्षाचं, या उत्तरात घुसडू नका. सीएला मात्र सांगा.