आभारपत्र की पावती?

«लालबागच्या आमच्या अभ्यासिकेला एका काकूंनी यजमानांच्या स्मरणार्थ देणगी दिली. त्यातून सहा खुर्च्या आणि पंखा घेतला. पत्र असं लिहिलंय: ‘आपली रु. १५,०००/- ची देणगी प्राप्त झाली. पावती सोबत जोडली आहे. ८०जी सवलत लागू. यापुढेही असेच सहकार्य अपेक्षित.’ कोरडं वाटतंय. काय बदलू?»

शेवटचं वाक्य आधी काढा. स्मरणार्थ दिलेल्या पैशांच्या आभारात पुढची मागणी आली की आधीचं सगळं वसुलीचं वाटतं. आकडा, पॅन, ८०जी हे पावतीवर असतंच. पत्रात पुन्हा नको. पण पावती पाठवा जरूर, सीए मागतो.

मी असं लिहीन:

‘काकू, सप्रेम नमस्कार. काकांच्या नावाने तुम्ही दिलेल्या पैशांतून सहा खुर्च्या आल्या. खिडकीकडच्या कोपऱ्यात पंखा नव्हता म्हणून दुपारी तिथे कोणी बसत नसे. आता ती जागा सगळ्यांत आधी भरते. एकदा संध्याकाळी या, मुलं भेटतील. पावती वेगळ्या पाकिटात आहे.’

कोपऱ्याचं हे मी कल्पनेने लिहिलंय. तुमच्याकडे खरं जे घडलं तेच घाला, कारण काकू बघायला आल्या तर? खुर्च्या अजून यायच्या असतील तर ‘या महिन्यात येतायत’ म्हणा आणि आल्यावर फोटो पाठवा. काकांचं नाव मात्र पूर्ण लिहा, स्पेलिंग काकूंच्याच चिठ्ठीवरून तपासून. सही अध्यक्षांची छापील नको, पेनाने हवी.