मदत हवी आहे : सर्पदंशावरचं भाषण एकच, मसुदे दोन. ऐनवेळी कुठला काढायचा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,
पावसाच्या तोंडावर राजापूर-देवगड पट्ट्यातल्या वाड्यांमधून सर्पदंशावर बोलायचं काम आमच्या गटाकडे आहे. भाषण २५ मिनिटांचं, पुढे प्रश्नोत्तरं. सांगणं सगळीकडे एकच: साप चावल्यावर दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, विष उतरवून घ्यायला थांबायचं नाही. चावलेला अवयव फळी लावून स्थिर करायचा, अंगठी-पैंजण काढायचे आणि लस असलेल्या दवाखान्यात थेट न्यायचं.

बचत गटात किंवा शाळेत हे सांगायला त्रास नाही, लोक आधीच आपल्या बाजूचे असतात. काही वाड्यांत मात्र विष उतरवणारा हाच गावातला मानाचा माणूस असतो आणि तो पुढच्या रांगेत बसतो. देवळाच्या सभामंडपात कोण जमणार हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. म्हणून सात-सात पानांचे दोन वेगळे मसुदे लिहिलेत. दोन्हींत नेमका काय फरक ठेवावा? आणि कुठला वाचायचा हे कधी नि कशावरून ठरवावं?

तिरफळ

दोन मसुदे कशाला? भाषण एकच ठेवा. सुरुवातीलाच "मंत्रावर किती जणांचा विश्वास आहे?" म्हणून हात वर करायला सांगा, की माणसं कशी आहेत ते कळलंच. जास्त हात वर गेले तर फुरसं चावून सडलेल्या पायांचे फोटो दाखवा. घाबरली की ऐकतात.

माडाची झाप

आधी विचारून मग बोलायचं, इथपर्यंत तिरफळ यांचं बरोबर आहे. पण हा प्रश्न नको. गावात हात एकट्याने वर जात नाही; आधी पुढच्या रांगेकडे नजर जाते. तुम्हाला मोजायची असते शंका आणि मोजला जातो मान. शिवाय एकदा हात वर केलेला माणूस मग ती बाजू सोडत नाही.

फोटोंचं म्हणाल तर शंका घेणाऱ्याला वाटतं, "हा घाबरवायला आलाय." त्यात पाय सडण्यामागे आवळलेली दोरी आणि ब्लेडचे कापही असू शकतात. समोर बसलेल्या कोणीतरी कधी ती दोरी बांधलेली असेल, तर तो फोटो त्याच्यावर आरोप होतो.

आता मूळ प्रश्न. दोन मसुद्यांत माहिती बदलायची नाही, क्रम बदलायचा. आपल्या माणसांपुढे निष्कर्ष पहिल्या मिनिटाला सांगायचा आणि उरलेला वेळ कामाला द्यायचा: रात्री गाडी कोणाची, लस कुठल्या दवाखान्यात, फोन कोणी करायचा. शंका घेणाऱ्यांपुढे निष्कर्ष शेवटी. सुरुवात त्यांनी स्वतः पाहिलेल्या आणि खऱ्या असलेल्या गोष्टीपासून. उदाहरणार्थ:

"मंत्राने माणूस बरा झालेला तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. तो खरंच बरा झाला. मला एवढंच विचारायचंय, चावला होता तो साप कोणता?"

इथे थांबा. कोणीतरी धामण म्हणेल, कोणी दिवड. दोन्ही बिनविषारी. मग सांगा की विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे उतरवणारा खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडे आलेली बरीच माणसं वाचणारीच होती. त्यानंतर फुरसं घ्या, आपल्याकडचा नेहमीचा साप. चावल्यावर सूज आणि दुखणं असतं, पण माणूस बोलतो, चहा पितो, घरी चालत जातो. आत मात्र रक्त गोठायचं बंद होत असतं. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त दिसतं ते पुढे. "उतरलं" असं जाहीर होतं ते नेमकं या मधल्या वेळात. एवढं त्यांना पटलं की निष्कर्ष त्यांच्याच तोंडून येतो, तुम्ही फक्त पुरा करायचा.

याला जुना आधारही आहे. दुसऱ्या महायुद्धात कार्ल हॉवलँड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांना युद्ध लांबणार हे पटवणारी भाषणं दोन तऱ्हांनी ऐकवली. ज्यांना ते आधीच पटलं होतं त्यांच्यावर एकच बाजू मांडणाऱ्या भाषणाचा परिणाम जास्त झाला. ज्यांचं मत उलट होतं त्यांच्यावर दुसरी बाजूही मांडणाऱ्याचा. हे १९४९ साली प्रसिद्ध झालं. १९५३ च्या पुढच्या प्रयोगात आणखी एक दिसलं: दोन्ही बाजू ऐकलेल्यांपुढे नंतर विरोधी युक्तिवाद आला, तेव्हा ते जास्त टिकून राहिले. म्हणून बचत गटाच्या मसुद्यातही "मंत्राने बरे होतात ते का" हा परिच्छेद छोटा करून ठेवाच. त्या बायका घरी गेल्यावर सासरा तेच विचारणार आहे.

शेवग्याची शेंग

माझ्या मते एक मसुदा मालवणीत आणि एक प्रमाण मराठीत करावा. सिंधुदुर्गात गेलात तर "तुमका सांगतंय" म्हटल्यावर माणसां आपली होतत. शंका अर्धी तिथेच जाता.

खाडीकाठ

शेवग्याची शेंग, बोली तर वापरतोच, पण माझा प्रश्न भाषेचा नाही हो. मालवणीत बोललो तरी उतरवणारा समोर असतोच.

झाप, क्रम समजला. पण मग सात-सात पानांच्या दोन पिना मारलेल्या प्रतींचं काय करू? परवाच्या सरावात मित्रांच्या मसुद्यात "मघाशी धामणीचं बोललो तसं" असं वाक्य निघालं. धामणीचं बोलणं त्यात नव्हतंच.

माडाची झाप

पिना काढा. दोन पूर्ण मसुदे ठेवले की हे होणारच. एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात राहून जाते, आणि एखाद्या दवाखान्यातली लस संपली तरी जुन्याच प्रतीत त्याचं नाव राहतं.

भाषण तीन तुकड्यांत करा. सुरुवात सुमारे सहा मिनिटं, मधला भाग बारा, शेवट सात. मधला भाग दोन्हींना एकच: कोणते साप, काय करायचं, काय करायचं नाही. तो पांढऱ्या कागदावर. सुरुवात आणि शेवट प्रत्येकी दोन, आपल्या माणसांची जोडी पिवळ्या कागदावर, शंका घेणाऱ्यांची निळ्या. एका बाजूलाच छापा, अक्षर मोठं ठेवा (सभामंडपातला दिवा नेहमी वक्त्याच्या पाठीमागे असतो), आणि वाक्य पान उलटताना तुटू देऊ नका. कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवली की वाऱ्याने उडत नाहीत.

पांढऱ्या पानांवर "मघाशी", "आधी म्हटल्याप्रमाणे", "तुम्हीच सांगितलंत" असले शब्द शोधून काढून टाका. मधल्या भागाने सुरुवातीवर अजिबात टेकायचं नाही. सरावही जोड्यांचा करा: पिवळ्यातून पांढऱ्यात जाताना आणि निळ्यातून पांढऱ्यात जाताना पहिली दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. अडखळायला होतं ते तिथेच.

रापणीवाला

आमचं वेगळंच. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस लावावा, हे तांडेल लोकांना पटवायचंय. विरोध सगळ्यांचाच, आपल्या बाजूचं कोणीच नाही. मग एकच मसुदा पुरे ना?

माडाची झाप

रापणीवाला, तुमच्याकडे विरोधही दोन तऱ्हेचा असणार. एकाला वाटतं माल निसटेल, दुसऱ्याला वाटतं मी लावीन आणि शेजारचा लावणार नाही. दोघांना उत्तर एक नाही. नवा धागा काढा, तिथे बोलू.

आरोग्यसेविका_किनारा

मजकुराबद्दल दोन गोष्टी. शंका घेणाऱ्यांच्या मसुद्यात वीस मिनिटांची रक्ततपासणी नक्की घ्या. दवाखान्यात दोन मिलिलीटर ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं न हलवता उभं ठेवतात. मग नळी एकदाच तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर ते गोठत नाहीये, म्हणजे फुरसं किंवा घोणस धरून चालायचं. भाषणात रक्त नको, रिकामी नळी तिरकी करून दाखवली तरी पुरतं. नळी काचेचीच असावी लागते, आणि साबणाने धुतलेली चालत नाही, निकाल चुकतो. "कोणता साप ते तुम्हाला कसं कळतं?" याला हे उत्तर आहे. मात्र नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं, त्यांच्यात रक्त नीट गोठतं, हेही सांगा. नाहीतर "गोठलं, म्हणजे काही नाही" असा अर्थ लोक काढतील.

दुसरं, लसीची मर्यादा आपणहून सांगा. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांसाठी बनते. चापडा आणि समुद्री साप तिच्यात येत नाहीत. बंदरावर बोलणार असाल तर हे कोणीतरी काढणारच, कारण जाळ्यात समुद्री साप त्यांनाच सापडतात. त्यांनी विचारल्यावर कबूल केलं तर लपवल्यासारखं दिसतं. त्या दंशातही दवाखान्यातच जायचं, श्वास आणि मूत्रपिंडं सांभाळायची सोय तिथेच असते.

खाडीकाठ

हे निळ्या पानांवर घेतो. आता निवड. कधी ठरवायचं?

माडाची झाप

उठायच्या आधी. पाऊणएक तास आधी पोचा आणि आशाताईंना किंवा चहा देणाऱ्याला साधं विचारा: "इथे साप चावला तर रात्री आधी कुठे नेतात?" उत्तरात दवाखान्याचं नाव आलं तर पिवळं. माणसाचं नाव आलं तर निळं. "बघतो आम्ही" म्हणून विषय बदलला तरी निळंच. पुढच्या रांगेत कोण बसलंय आणि लोक त्यांच्याशी उभ्याने बोलताहेत की बसून, तेही बघा.

मिश्र गर्दी असेल तर निळं. आपल्या बाजूच्यांना ते थोडं लांबल्यासारखं वाटेल, एवढंच नुकसान. पिवळ्याने शंका घेणारे पहिल्याच मिनिटाला जातात आणि मग परत येत नाहीत. बदलायची जागाही एकच ठेवा, सुरुवातीच्या पहिल्या मिनिटाच्या शेवटी. निळ्यावरून पिवळ्यावर येता येतं. उलट जाता येत नाही, कारण निष्कर्ष आधीच सांगून झालेला असतो.

आरोग्यसेविका_किनारा

मिश्र म्हणजे निळं, हे मला सरसकट पटत नाही. समोर शाळेची मुलं असतील तर "मंत्राने माणूस बरा झाला" एवढंच वाक्य ती घरी नेतात, पुढचं विसरतात. मुलं अर्ध्याहून जास्त असतील तर पिवळं घ्या आणि मोठ्यांशी नंतर बाजूला बोला.

माडाची झाप

मुलांचा मुद्दा मान्य. पण बाजूला बोलायला मोठे थांबतात कुठे? भजनाची वेळ झालेली असते.

शेवग्याची शेंग

ह्या सगळा बरा आसा, पण तो उतरवणारो उठान उभो रवलो तर काय करतलास?

खाडीकाठ

तेच विचारणार होतो. निळ्या शेवटात एक वाक्य लिहिलंय: "माणूस आधी तुमच्याकडे येतो, तर गाडीही तुम्हीच बोलवा. मंत्र घालायचा असेल तर गाडीत बसून घाला." ठेवू का?

आरोग्यसेविका_किनारा

ठेवा. उशीर टळतो, आणि त्याचा मानही राहतो. फक्त "गाडीत पाय हलवायचा नाही, पाजायचं काही नाही" हे जोडा.

तिरफळ

म्हणजे मंत्राला मान्यताच दिली की! उद्या गाडी अर्ध्या वाटेत थांबवून उतारा काढतील.

माडाची झाप

हे वाक्य निळ्यातच राहू दे, पिवळ्यात चुकूनही नको. बाकी तिरफळ म्हणतात तो धोका आहेच. त्यावर एवढं करता येईल की गाडीवाल्याचं नाव त्याच सभेत ठरवा, आणि तो उतरवणाऱ्याच्या घरचा नसावा.